चुलतभाऊ ‘स्टे’ आणणार म्हणतो. आबांनी आधीच कॅव्हेट टाकले

जानेवारी सरता सरता आबांच्या शेताची सरकारी मोजणी झाली. मोजणीदाराने टेपा-मशीन लावून हद्दीच्या खुणा रोवल्या, आणि बांधाच्या पलीकडचे पाच गुंठे आबांच्या गटातले निघाले. ते पाच गुंठे गेली कित्येक वर्षे चुलतभाऊ नांगरत होता. मोजणी चालू असताना तो बांधावर उभा होता. शेवटची खूण रोवली तसा म्हणाला, “खुणा रोवा नाहीतर खांब रोवा. मी कोर्टातून स्टे आणतो. बांधावर बी नाही अन् विहिरीवर बी नाही, एक टिकाव पडू द्यायचा नाही.”

विहिरीचे नाव निघाले तशी आबांची झोप उडाली. आबांनी त्याच गटात नवी विहीर धरली होती. गहू निघाला की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात यारीवाला येणार, त्याला विसार दिलेला. जूनच्या पावसाआधी खोदकाम संपले नाही तर उघडा खड्डा ढासळणार आणि वर्ष वाया जाणार. स्टे पंधरा दिवसांचा आला काय आणि दोन वर्षांचा आला काय, आबांच्या लेखी नुकसान सारखेच. गावात पूर्वी एकाच्या पाइपलाइनीवर असा स्टे आला होता. त्याला तो कळला तेव्हा चारी अर्धी खणून झाली होती, आणि पाइप शेतातच उन्हात तडकले.

गाव आणि माणसे ओळखू येतील असे काही छापू नका, असे आबांनी सांगितले आहे, म्हणून नावे देत नाही. पण जमिनीच्या भांडणात अडकलेल्या प्रत्येकाला उपयोगी पडेल अशी ही हकिगत असल्याने सविस्तर देत आहोत.

आबा तालुक्याला वकिलांकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, “दावा लागला का?”

“अजून नाही. लावणार म्हणतो.”

“मग कॅव्हेट टाकू.”

आमच्याकडे याला कोणी ‘क्याविट’ म्हणते, कोणी ‘कावेट’. शब्द लॅटिन भाषेतला, अर्थ ‘त्याने सावध असावे’. मृत्युपत्राच्या प्रकरणांत तो आधीपासून वापरात होता. साध्या दिवाणी दाव्यांसाठी तो आला १९७६ सालच्या दुरुस्तीने. दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८-अ घातले गेले आणि १ मे १९७७ पासून ते लागू झाले. कलम लहान आहे. सांगायचे तर एवढेच: अमुक माणूस माझ्याविरुद्ध अमुक मिळकतीबाबत तातडीचा अर्ज घेऊन येण्याची शक्यता आहे, तो आला तर मला कळवल्याशिवाय हुकूम करू नये, असे कोर्टाला आधीच लिहून देणे. दावा दाखल झालेला नसला तरी चालते.

आता कोणी म्हणेल, दुसऱ्या बाजूला न ऐकता कोर्ट हुकूम देतेच कसे? कायदा खरे तर तसे देऊ नये असेच म्हणतो. मनाई हुकमाच्या अर्जाची नोटीस आधी समोरच्याला द्यायची, हा नियम. पण नोटीस बजावेपर्यंतच्या उशिराने मनाईचा हेतूच फसणार असेल, तर न्यायाधीश कारणे लिहून एकतर्फी तूर्तातूर्त मनाई देऊ शकतात. मग अर्जदाराने अर्जाच्या आणि कागदांच्या नकला समोरच्याला धाडायच्या आणि कोर्टाने तीस दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. हे तीस दिवस कागदावर. प्रत्यक्षात समन्स बजावले जात नाही, वकील मुदत मागतात, साहेबांची बदली होते, आणि एकतर्फी मनाई ‘पुढील तारखेपर्यंत’ असे म्हणत म्हणत चालत राहते. “यारी लागली, उद्या सुरुंग लावणार” असे प्रतिज्ञापत्रावर कोणी सांगितले, तर साहेबांना ती गोष्ट तातडीची वाटणारच. कॅव्हेटचा उपयोग नेमका इथे आहे.

आबांनी विचारले, “म्हणजे आता त्याला स्टे मिळणारच नाही ना?”

“मिळू शकतो,” वकील म्हणाले. “कॅव्हेट म्हणजे कुलूप नव्हे, घंटा आहे. तो आत शिरताना वाजेल. वाजल्यावर तुम्ही काय दाखवता त्यावर पुढचं.”

हे वाक्य आबांच्या फारसे पसंतीस पडले नाही. पैसे देऊन नुसती घंटाच घ्यायची? पण पुढे जे घडले ते या वाक्याप्रमाणेच घडले.

वकिलांनी चुलतभावाचा सातबारा काढायला लावला. आबा म्हणाले, “त्याचं नाव मला पाठ आहे की, उतारा कशाला?” उताऱ्यावर नावे निघाली चार. चुलतभाऊ, त्याचा पुण्याला नोकरीस असलेला धाकटा भाऊ, लग्न होऊन गेलेली बहीण आणि आई. आई म्हणजे आबांची चुलती, वय ऐंशीच्या पुढचे. वकिलांनी चौघांचीही नावे सामनेवाले म्हणून घातली आणि चुलतभावाच्या मोठ्या मुलाचेही घातले, कारण शेत प्रत्यक्षात तोच करतो.

इथे आबा अडले. “म्हातारीला नोटीस नको. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, तिच्या हातचं खाऊन वाढलो. तिच्या नावानं कोर्टाचा कागद गेला तर गाव काय म्हणंल?”

वकिलांनी ऐकून घेतले आणि सांगितले की कॅव्हेट नावावर चालते. नवा दावा आला की फाइलिंगचा कारकून वादीचे नाव कॅव्हेटच्या नोंदीशी ताडून पाहतो. हल्ली ही नोंद संगणकावर असते आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरही कॅव्हेट शोधता येते. वादीचे नाव जुळले नाही तर घंटा वाजत नाही. म्हणून ज्याला कॅव्हेट चुकवायचे आहे तो आपल्या नावाने दावा लावतच नाही. बायकोच्या, आईच्या, नाहीतर साठेखत करून दिलेल्या माणसाच्या नावाने लावतो. उताऱ्यावरचे एक जरी नाव सोडले तर तेवढे दार उघडे राहते. नाव उताऱ्यावर जसे आहे तसेच लिहायचे आणि गावात वेगळ्या नावाने ओळखत असतील तर ‘उर्फ’ लावून तेही घालायचे. आबांनी शेवटी मान हलवली, पण त्या दिवशी ते चहा न घेताच उठले.

दुसरा प्रश्न कोर्टाचा. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे त्या भागातल्या कोर्टातच लागतो, त्यामुळे तालुका ठरलेला. पण दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर ही दोन वेगळी न्यायालये. दावा कोणाकडे जाईल हे त्याच्या किमतीवर ठरते, आणि किंमत वादी आपल्या मागण्यांप्रमाणे मांडतो. नुसती मनाई मागितली तर एकीकडे, सोबत मालकी ठरवून मागितली, नुकसानभरपाई जोडली, तर दुसरीकडे जाऊ शकतो. एका न्यायालयात टाकलेले कॅव्हेट दुसऱ्याला लागू पडत नाही. वकिलांनी दोन्हीकडे टाकले.

कॅव्हेटचा अर्ज एक-दोन पानांचा. वर कोर्टाचे नाव, मग कॅव्हेट देणाऱ्याचे आणि सामनेवाल्यांचे नाव-पत्ते, मिळकतीचे वर्णन म्हणजे गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा, आणि कोणत्या प्रकारचा अर्ज येण्याची भीती आहे ते. सोबत प्रतिज्ञापत्र, वकीलपत्र, कोर्ट फी स्टॅम्प आणि सामनेवाल्यांना नोटीस पाठवल्याची टपालाची पावती. वकिलांनी अर्जात स्वतःचा मोबाइल नंबर ठळक घातला, कारण कोर्ट एका दिवसाची मुदत देईल तेव्हा कोणाला तरी फोन लागला पाहिजे.

पण या दोन पानांतही पाय घसरतो. आबांनी घरून एक मसुदा लिहून आणला होता, गावातल्या एका जाणत्याकडून. त्यात वाक्य होते: ‘सामनेवाले यांच्या ताब्यात असलेली माझ्या मालकीची पाच गुंठे जमीन मी ताब्यात घेणार असून...’ वकिलांनी ते वाचून कपाळाला हात लावला. मनाईच्या अर्जात कोर्ट आधी पाहते ते ताबा कोणाचा. आपणच सही करून ‘ताबा त्यांचा आहे आणि मी तो घेणार आहे’ असे लिहून दिले, तर समोरच्याला स्टे मिळवायला दुसरा पुरावा कशाला लागतो? कॅव्हेटमध्ये भांडणाची कहाणी सांगायची नसते. आपली बाजू म्हणणे देताना मांडायची. कॅव्हेटमध्ये मिळकत, माणसे आणि येऊ घातलेला अर्ज, बस.

त्या कागदावरून मग खरी गोष्ट निघाली. वकिलांनी विचारले, “आबा, विहीर कुठं धरलीय?”

“बांधापासून साठ फूट आत. माझ्याच पट्ट्यात.”

“आणि तारेचं कुंपण?”

“ते नव्या खुणेवर. पाच गुंठे आत घेऊन.”

“मग विहिरीला मी उभा राहतो. कुंपणाला नाही.”

आबांना हे पटेना. मोजणी सरकारी, ‘क’ प्रत हातात, मग आपल्याच जमिनीत कुंपण घालायला अडचण कसली? वकिलांनी जे सांगितले ते अनेक जमीनमालकांना कडू लागेल. मोजणीने हद्द कळते, ताबा मिळत नाही. जो माणूस वर्षानुवर्षे उघडपणे एखादा तुकडा करतो आहे, त्याला खऱ्या मालकानेही दांडगाईने हटवायचे नाही, कायद्याच्या मार्गाने हटवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. रातोरात तार ओढली तर चुलतभाऊ नुसता स्टे आणून थांबणार नाही. सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो मालकीचा वाद न काढताही ताबा परत मागू शकतो. पाच गुंठ्यांसाठी आबांनी स्वतः ताब्याचा दावा लावावा. कॅव्हेटच्या आडून कुंपण घालायला जाऊ नये, नाहीतर विहिरीचीही चांगली बाजू त्यात बुडेल.

आबांनी कुंपणाचे खांब गोठ्यात टाकून ठेवले. या हकिगतीत माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता.

४ फेब्रुवारीला दोन्ही कॅव्हेट दाखल झाली. कायद्याप्रमाणे कॅव्हेटची नोटीस सामनेवाल्याला पोच-पावतीसह रजिस्टर टपालाने जावी लागते. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात मिळवली, त्यामुळे आता खिडकीवर स्पीड पोस्ट ‘रजिस्ट्रेशन’ आणि पोचेसह हवे, असे सांगून मागावे लागते. पाच जणांना पाच लखोटे गेले. चौघांच्या पोचा आल्या. चुलतभावाचा लखोटा ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आला. वकिलांनी तो न फोडता जसाच्या तसा फाइलला लावला. असा परत आलेला लखोटा लोक रागाने फाडून टाकतात, तसे करू नये. नोटीस धाडल्याचा तो पुरावा आहे.

आणि या नोटिशीनेच पुढचा पेच निर्माण केला.

कॅव्हेट नव्वद दिवस चालते. नव्वद दिवस मोजायचे ते दाखल केल्या तारखेपासून. नोटीस समोरच्याला कधी मिळाली याच्याशी संबंध नाही. तेवढ्यात अर्ज आला तर त्या अर्जापुरते कॅव्हेट पुढेही जिवंत राहते. नाही आला तर ते आपोआप संपते, कोर्ट काही कळवत नाही. यंदा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. ४ तारीख सोडून फेब्रुवारीचे चोवीस, मार्चचे एकतीस, एप्रिलचे तीस, झाले पंच्याऐंशी. म्हणजे ५ मे हा शेवटचा दिवस. आता गंमत पाहा. नोटिशीवर दाखल केल्याची तारीख असतेच, त्यामुळे समोरच्यालाही नव्वद मोजता येतात. यारी एप्रिलअखेर येणार हे साऱ्या गावाला ठाऊक. चुलतभावाने फेब्रुवारीत काही केले नाही, मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्येही नाही. आबांना वाटले, घाबरला. पारावर तसे ते बोललेही.

वकिलांना तसे वाटले नाही. मुदत वाढवून मिळत नाही. नवे कॅव्हेट, नवे प्रतिज्ञापत्र, नवी नोटीस, सगळे पहिल्यापासून. जुने संपण्याची वाट न पाहता २९ एप्रिललाच त्यांनी दोन्ही न्यायालयांत नवी कॅव्हेट दाखल केली. त्यांची मुदत २८ जुलैपर्यंत. आबांना तो खर्च फुकट वाटला. “आता काय तो येतोय,” असे म्हणतच त्यांनी सही केली.

आणखी एक गोष्ट वकिलांनी ध्यानात ठेवली होती. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळ्याची सुट्टी. सुट्टीत नेहमीचे कामकाज बंद, पण तातडीचे अर्ज नेमलेल्या एखाद्या न्यायाधीशांपुढे चालतात, आणि कोणत्या तारखांना काम कोणाकडे याची यादी आधी लागते. अशा वेळी निम्मा कारकूनवर्ग रजेवर, कपाटाच्या किल्ल्या एकाकडे, नोंदवही दुसऱ्याकडे. वकिलांनी यादी पाहिली आणि ज्या न्यायालयाकडे सुट्टीतले काम होते तिथे कॅव्हेटची नक्कल आणि नंबर लेखी देऊन पोच घेतली. असे कर म्हणून कायद्यात लिहिलेले नाही. पण ज्याने कोर्टाची पायरी झिजवली आहे त्याला हे सुचते.

यारी २६ एप्रिलला लागली. १२ मेला, विहीर अठरा फुटांवर असताना, दावा दाखल झाला. पहिल्या कॅव्हेटची मुदत संपून सातवा दिवस होता. वादी कोण? चुलती. एकटी. चुलतभावाचे नाव वादीत नव्हतेच. दाव्यावर म्हातारीचा अंगठा होता आणि सोबत निशाणी पाचचा अर्ज, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा. वहिवाटीचा बांध फोडून प्रतिवादी विहीर खोदत आहे, सुरुंगाने वादीची जमीन खचेल, म्हणून नोटीस न काढता आजच मनाई द्यावी, असे त्यात होते.

नाव ताडले गेले आणि नवे कॅव्हेट निघाले. न्यायाधीशांनी अर्जावर लिहिले की कॅव्हेट दाखल आहे, नोटीस द्यावी, आणि दुसऱ्या दिवशीची तारीख ठेवली. वादीच्या वकिलांनी आबांच्या वकिलांना फोन केला. कॅव्हेटची नोटीस मिळालेल्या अर्जदाराने अर्जाच्या आणि सोबतच्या कागदांच्या नकला लगेच द्यायच्या असतात, पण खर्च कॅव्हेट देणाऱ्याचा. यावरून कधी कधी अर्धा दिवस घोळ घातला जातो. आबांच्या वकिलांनी झेरॉक्सचे पैसे तिथेच मोजले आणि दुपारी एकपर्यंत नकला हातात घेतल्या.

मग आबांना निरोप गेला, आजची यारी बंद ठेवा.

आबा चिडले. “स्टे नाही ना दिला? मग बंद का?” चिडणे साहजिक होते, यारीवाल्याचा एक दिवस म्हणजे पैसा. पण तारीख उद्यावर असताना आज दोन पाळ्या लावून खोदायचे आणि उद्या कोर्टापुढे ‘आम्ही नियमाने वागणारी माणसे’ म्हणून उभे राहायचे, हे जमत नाही. आबांनी एक दिवस यारी उभी ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक फार साधी चूक होऊ शकली असती. कॅव्हेट टाकलेले बरेच जण कोर्टात येतात आणि म्हणणे देण्यासाठी मुदत मागतात. मुदत मागितली की समोरचा म्हणतो, घ्या मुदत, पण तोवर परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवा. ते रास्तही दिसते. आणि जैसे थे म्हणजे विहिरीपुरते स्टेच की! कॅव्हेट असूनही हात बांधले गेले. आबांच्या वकिलांनी म्हणणे एप्रिलमध्येच तयार करून ठेवले होते. रात्री फक्त दाव्यातल्या मजकुराप्रमाणे बदलले. सोबत मोजणीची ‘क’ प्रत, गेल्या तीन वर्षांची पीकपाहणी, विहिरीची जागा टेपाने मोजून दाखवणारे तारखेसह फोटो, यारीवाल्याचा करार.

अशा अर्जात कोर्ट तीन गोष्टी तोलते. अर्जदाराची बाजू प्रथमदर्शनी खरी दिसते का, हुकूम दिला किंवा न दिला तर कोणाची गैरसोय जास्त, आणि पैशाने भरून न निघणारे नुकसान कोणाचे. विहीर बांधापासून साठ फूट आत आहे हे फोटोत दिसत होते, आणि तो पट्टा आबाच करतात हे पीकपाहणीत. उघडी विहीर पावसात ढासळली तर नुकसान आबांचे. पाच गुंठ्यांचे मात्र उलटे होते. तिथे पीकपाहणी चुलतीच्या बाजूची होती, आणि आबांच्या वकिलांनी ते नाकारले नाही. “त्या तुकड्यात आम्ही काही करत नाही, करणार नाही, आमचा वेगळा दावा लावू,” असे त्यांनी लिहूनच दिले.

१४ मेला हुकूम झाला. विहिरीला मनाई नाही. सुरुंग लावताना योग्य काळजी घ्यावी. पाच गुंठ्यांत दोघांनीही अर्जाच्या निकालापर्यंत आहे ती स्थिती बदलू नये. आबांनी कुंपण घातले असते तर हाच हुकूम कसा झाला असता, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कोर्टाबाहेर चुलती रिक्षात बसली होती. आबा तिच्याशी बोलायला गेले. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

समजा सगळे करूनही नजरचुकीने एकतर्फी मनाई झालीच तर? लोक समजतात, आमचे कॅव्हेट होते, म्हणजे हा हुकूम रद्दबातल, आम्ही खोदणार. असे मुळीच करू नये. कॅव्हेट असताना नोटीस न देता केलेला हुकूम चुकीचा असला तरी तो आपोआप उडत नाही. कोर्टाकडूनच उठवून घ्यावा लागतो. कॅव्हेटचा नंबर आणि टपालाची पावती जोडून त्याच कोर्टात मनाई उठवण्याचा अर्ज द्यायचा किंवा वर अपील करायचे. तोवर हुकूम पाळायचा. मनाई मोडल्याचे सिद्ध झाले तर मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंग, अशी तरतूद आहे.

आणि दिवाणी न्यायालयातले हे कॅव्हेट तहसील कचेरीत चालत नाही. चुलतभावाने ‘माझा रस्ता अडवला’ म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे अर्ज केला असता, तर तहसीलदारांनाही अडथळा करू नका असा मनाई हुकूम देता येतो, आणि तिथे आबांचे कोर्टातले कॅव्हेट कोणी विचारले नसते. रस्त्याचा वाद असेल तर तहसीलमध्ये काय दाखल झाले आहे याची चौकशी वेगळी ठेवावी लागते.

निशाणी पाचचा अर्ज सुट्टीनंतर पूर्ण चालला. २० जूनला त्याचा निकालही तसाच लागला. विहीर तोवर बांधून झाली होती आणि तिला पाणीही लागले. अर्जावरच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात, आणि अपिलातही पहिल्याच दिवशी स्थगिती मागता येते. तालुक्याच्या कोर्टातली कॅव्हेट तिथे उपयोगाची नाहीत. निकाल ऐकून आबा घरी निघाले होते, तेवढ्यात वकिलांनी त्यांना परत बोलावून आणखी एका कागदावर सही घेतली. त्यावर सामनेवाले म्हणून पुन्हा तीच पाच नावे होती. या वेळी आबांनी काही विचारले नाही. आधी म्हातारीचा पत्ता नीट लिहिला आहे का, तेवढे पाहून घेतले.